होजर बुवींची दुलई

मरगिलान शहरातल्या कालव्याकाठच्या गल्लीत कुणी बाई गेली, की आधी घरातून रडणं ऐकू येई आणि लगोलग अंझिरतच्या दारावर थाप पडे. एरवी त्या दाराकडे कुणी वळत नसे. प्रेतांना न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या घरी जाऊन चहा कोण पिणार? गल्लीतल्या बायका तिला "अंझिरत ओपा", म्हणजे अंझिरतताई, म्हणत, वाटेत भेटली तर तब्येत विचारत, पण लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरे. तिच्या आईनं हेच काम केलं, आजीनंही हेच. अंझिरत एकावन्न वर्षांची झाली होती आणि त्या गल्लीतल्या निदान साठ बायकांना तिनं शेवटचं न्हाऊ घातलं होतं.

या कामाचा मोबदला म्हणजे गेलेल्या माणसाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण. ते घरात ठेवायचं नाही, न्हाऊ घालणारीला द्यायचं, अशी रीत. दुसऱ्या गावच्या न्हाऊ घालणाऱ्या बायका ते गुपचूप लांबच्या बाजारात विकून टाकत. अंझिरत विकत नसे. ती दुलई उसवायची, कापूस उन्हात घालायची, पिंजायची, पुन्हा भरायची आणि घरातल्या पेटाऱ्यावर थर लावून ठेवायची. तो थर आता आढ्याला टेकायला आला होता. कुणी विचारलं, तर कुठली दुलई कुणाची ते बोट ठेवून सांगायची.

"कष्टाचं आहे. चोरीचं असतं तर झाकलं असतं," असं तिचं म्हणणं.

नवरा रशियात कामाला गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. मागे राहिली एक लेक, मोहिगुल. बावीस वर्षांची, अद्रस या रेशमी-सुती कापडाच्या कारखान्यात मागावर बसणारी, आईसारखीच फटकळ पण आईपेक्षा लवकर डोळ्यांत पाणी येणारी. तीन स्थळं आली आणि तिन्ही त्या पेटाऱ्यापाशी येऊन अडली. पाहायला आलेल्या बायका चहा घेता घेता दुलयांकडे बघत, एकमेकींना कोपर मारत, आणि मग आठवडाभरात निरोप येई, मुलगा अजून लहान आहे. शेवटचा 'लहान मुलगा' एकतीस वर्षांचा होता.

चौथं स्थळ रिश्तानच्या कुंभारांचं. मुलगा मोहिगुलला आवडला होता, मुलालाही ती. त्याच्या आईनं, तुर्सुनोयनं, होकार दिला पण अट घातली: मुलीबरोबर येणाऱ्या दुलया नव्या हव्यात, दुकानातल्या. "तिकडची" एकही नको.

"तिकडची म्हणजे कुठली?" अंझिरतनं मुद्दाम विचारलं होतं.

"तुम्हाला कळलंय," तुर्सुनोय म्हणाली.

अंझिरत तेव्हा गप्प बसली, ती मोहिगुलनं टेबलाखालून तिचा पाय दाबला म्हणून.

हे सगळं चाललं असताना, उन्हाळ्यातले चाळीस कडक दिवस सुरू व्हायच्या सुमाराला, शेजारची म्हातारी होजर बुवी गेली.

शेजारच्या घराची गोष्ट आधी सांगायला हवी. होजर बुवीच्या मुलानं जुन्या घरापुढे दुमजली घर बांधलं होतं. त्याची सावली सकाळपासून अंझिरतच्या अंगणावर पडे ती दुपार कलेपर्यंत हलत नसे. उरलेलं आकाश तिचाच द्राक्षांचा मांडव झाकी. नव्या छताचं पाणी जुन्या मागच्या खोलीच्या भिंतीत मुरायचं. आणि कंबर मोडल्यापासून दोन वर्षं होजर बुवी त्याच खोलीत पडून होती. भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. सून शहलो जेवणाचं ताट वेळेवर नेऊन देई, त्यात कधी खंड नव्हता, पण ताट ठेवून लगेच बाहेर येई.

अंझिरतनं म्हातारीला न्हाऊ घातलं. अंग इतकं हलकं झालं होतं, की उचलताना तिचाच तोल गेला. तिसऱ्या दिवशी शहलोनं रीतीप्रमाणे अंथरूण दिलं. दिलं म्हणजे काय, ओढणीचं टोक नाकाला लावून एक दुलई आणि एक उशी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, तोंड घट्ट बांधलं आणि मधल्या भिंतीवरून अलीकडे ढकलून दिली.

"जाळलंस तरी चालेल ओपा," ती पलीकडून म्हणाली. "घरात उघडू नकोस मात्र."

अंझिरतनं पिशवी तिथंच अंगणात उघडली. कुबट वासाचा असा भपकारा आला, की मोहिगुल उठून आत गेली. दुलईचं पांढरं अस्तर जुन्या कागदासारखं पिवळं पडलं होतं, मधोमध गडद डाग, एका कोपऱ्याला बुरशीचे काळे ठिपके. उशी भाकरीसारखी चपटी आणि हाताला गार. पण वरचा पदर अस्सल अद्रसचा होता, जुन्या विणीचा, आणि अंझिरतनं कोपऱ्याचे चार टाके उसवून आत दोन बोटं घातली तेव्हा तिचा चेहरा बदलला. चिमूटभर कापूस बाहेर काढून तिनं दोन्ही हातांत धरून हळूच ओढला. धागा लांबत गेला, पटकन तुटेना.

"हा हातानं सरकी काढलेला कापूस आहे," ती आत बघून म्हणाली. "बुवीनं स्वतःच्या लग्नाला भरलेला असणार. असला आता मिळत नाही."

"ओयी, फेकून दे ना ते," मोहिगुल आतूनच आईला म्हणाली. "तुर्सुनोय खोला या आठवड्यात येणार आहेत. त्यांनी बघितलं तर?" होणाऱ्या सासूला ती खोला, म्हणजे मावशी, म्हणे.

"बघितलं तर बघतील."

"निदान मशीनमध्ये तरी टाक. कारखान्यात मोठं मशीन आहे, मी विचारते."

"मशीनमध्ये कापूस घातला, की दगड होतो. आतल्या आत गुठळ्या होतात, मधलं पाणी आठवडाभर सुकत नाही आणि मग आज येतोय त्याच्या दुप्पट वास. पाणी फक्त कापडाला. कापसाला ऊन आणि काठी. तुझ्या आजीनं शिकवलंय, मशीन विकणाऱ्यानं नाही."

त्या दिवशीच तिनं दुलई पूर्ण उसवली. अद्रसचा पदर वेगळा काढून उलटा करून मांडवाखाली सावलीत टांगला, कारण उन्हात त्याचा रंग उडाला असता. रोज फक्त झटकायचा. पांढरं अस्तर आणि उशीचा अभ्रा साबणाचा कीस आणि सोडा घालून मोठ्या कढईत उकळला, कालव्यावर नेऊन खळबळून काढला आणि ओलाच तिथं काठावर उन्हात पसरला. सुकला की पाणी शिंपडायचं, पुन्हा उन्हात. पिवळेपणा असा ओल्या कापडावरच्या उन्हानंच निघतो, नुसत्या उकळण्यानं नाही.

कापूस निवडणं हे खरं काम. तोंडाला फडकं बांधून ती बसली. बुरशीचे ठिपके असलेला कापूस तिनं वेगळा करून सरळ चुलीत घातला. त्यात दयामाया नाही. मधल्या गडद डागातला वीतभर भागही काढून टाकला. उरलेला नुसता पिवळसर होता, दमट होता, पण सडका नव्हता. त्याला पाहिजे होतं कडकडीत ऊन. आणि तिच्या अंगणात ऊन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोरूची चटई उचलली आणि गल्लीत, शहलोच्या नव्या फाटकासमोर, जिथं दिवसभर ऊन पडे तिथं भिंतीलगत अंथरली. तिच्यावर होजर बुवीचा कापूस पसरला.

अर्ध्या तासात फाटक उघडलं.

"हे काय ओपा?" शहलो म्हणाली. "आमच्या दारात मेलेल्या माणसाचं अंथरूण?"

"मेलेल्या माणसाचं म्हणू नकोस. तुझ्या सासूचं म्हण."

"लोक जातात-येतात. तुझ्या अंगणात वाळव."

"माझ्या अंगणात तुझं घर पडलंय," अंझिरत म्हणाली. "ते जरा सरकव, मी चटई आत नेते."

समोरून पाव घेऊन जाणारी एक बाई तोंडावर हात ठेवून हसली. शहलो लाल झाली आणि फाटक आपटून आत गेली. संध्याकाळी गल्लीचा म्हातारा कारभारी निरोप घेऊन आला, की लोकांची तक्रार आहे. अंझिरतनं त्याला विचारलं, "तुमची बायको गेली तेव्हा तिच्या अंगावरचं पांघरूण मी कुठं वाळवलं होतं?" म्हाताऱ्यानं काठीचं टोक गल्लीतल्या भिंतीकडे केलं. "इथंच," तो म्हणाला, आणि निघून गेला.

तीन दिवस तिनं कापूस गल्लीतच वाळवला. सकाळी ऊन चढलं की पसरायचा, दुपारी उलटायचा, सूर्य कलायच्या आत गोळा करून आत घ्यायचा, नाहीतर कालव्याकडचा दमटपणा पुन्हा बसतो. तिसऱ्या दिवशी तिनं ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून बसली. आत गारवा लागला असता तर अजून ओल होती. लागला नाही. वासही गेला होता. उरला होता तो तापलेल्या कापसाचा कोरडा वास.

चौथ्या दिवशी पिंजण, तेही गल्लीतच. तुतीच्या दोन बारीक, लवचिक काठ्या, दोन्ही हातांत एकेक. चटईवर थोडा थोडा कापूस घ्यायचा आणि आळीपाळीनं झोडायचा, सपक-सपक, काठी आडवी पडली पाहिजे आणि उचलताना कापसाला वर ओढत आली पाहिजे. गुठळ्या सुटतात, धूळ उडते, बसलेला कापूस फुगून वर येतो. शेजारीपाजारी सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता. तो ऐकला, की बायका खिडक्या लावून घेत.

त्या आवाजातच तुर्सुनोय आली. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, न सांगता. गल्लीच्या तोंडाशीच तिनं अंझिरतला पाहिलं: केसांत कापूस, तोंडाला फडकं, दोन्ही हातांत काठ्या आणि पुढ्यात पांढरा डोंगर. मोहिगुल कामावरून नुकतीच आली होती. ती दाराशी उभी होती, आणि होणाऱ्या सासूबाईंना पाहून तिचा चेहरा त्या कापसासारखा पांढरा झाला.

"काय चाललंय विहीणबाई?" तुर्सुनोयनं विचारलं.

मोहिगुल घाईनं म्हणाली, "आमचीच जुनी दुलई आहे, खोला. घरातली."

अंझिरतनं काठ्या खाली ठेवल्या आणि तोंडावरचं फडकं सोडलं.

"घरातली नाही," ती म्हणाली. "शेजारच्या होजर बुवीची. मागच्या आठवड्यात गेल्या. मी न्हाऊ घातलं."

"मी एक गोष्ट मागितली होती तुमच्याकडे," तुर्सुनोय म्हणाली. "एकच."

"मागितली होती. मी हो म्हटलं नव्हतं. पोरीनं पाय दाबला म्हणून गप्प बसले. चूक माझी, तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या घरात ज्या दुलया आहेत त्या माझ्या कमाईच्या आहेत. मोहिगुल त्यांच्याखालीच वाढली. ती चालते आणि दुलई चालत नाही, हे मला समजत नाही."

तुर्सुनोय काही बोलणार एवढ्यात फाटक पुन्हा उघडलं. शहलो बाहेर आली. काखेत दुकानातली नवीकोरी पिशवी होती, त्यात फुलाफुलांची, फुगीर, बनावट कापसाची दुलई. तुर्सुनोयला तिनं पाहिलं, पण ही कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

"ओपा," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "एक चूक झाली बघ. सासूबाईंची ती दुलई द्यायची नव्हती. त्यांच्या लग्नातली आहे म्हणे. नणंदा आल्यात, त्या विचारतायत. अद्रस आहे वर, असा आता विणत नाहीत. तू ही नवी घे त्याच्या बदल्यात."

अंझिरतनं चटईवरचा कापूस हातानं जवळ ओढला.

"कापूस काय पांढरा निघालाय," शहलो पुढे म्हणाली आणि चटईशी वाकून तिनं एक झुपका उचलून गालाला लावला. "असा असेल असं वाटलं नव्हतं."

"तुला काय वाटलं होतं?"

"नाही, वास येत होता ना तेव्हा."

"वास भिंतीचा होता. भिंत तुझी. म्हातारी दोन वर्षं त्यात पडली होती, तेव्हा ही दुलई एकदा उन्हात टाकायला गच्चीपर्यंत नेली असतीस तर मला काही काम उरलं नसतं." अंझिरतचा आवाज चढला नव्हता. "जाळ म्हणालीस. मी जाळलं नाही. आता ती माझी. नणंदांना सांग, रीत मोडायची असेल तर पुढच्या वेळी आपल्या हातानं न्हाऊ घाला आणि अंथरूण ठेवा."

"पण त्यांना आठवण म्हणून..."

"आठवण म्हणून उशी देते. अर्धा कापूस टाकावा लागलाय, उरलेल्यात थोडा नवा घालून भरेन. ती न्यायला त्यांना पाठव, तू येऊ नकोस."

शहलो पिशवी घेऊन परत गेली. तुर्सुनोय चटईच्या कडेला उभी होती. मग ती खाली बसली, त्याच झुपक्याशी, पण तिनं तो गालाला लावला नाही. दोन बोटांत धरून ओढून पाहिला, धागा किती लांबतो ते. तिच्या वयाच्या सगळ्या बायका शाळेत असताना दर शरदात कापूस वेचायला गेलेल्या. कापूस हातात आला, की बोटं आपोआप तसं करतात.

"कापूस चांगला आहे," ती उठून म्हणाली. "पण मी आज चहा घेणार नाही." आणि ती निघून गेली.

त्या रात्री मोहिगुल आईशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मी बोलले होते ना आधीच."

"तू बोललीस म्हणून तर मला खरं बोलावं लागलं," अंझिरत म्हणाली. "आज दुलई लपवलीस, उद्या आईचं काम लपवशील, परवा आईला. त्या घरात किती काय काय लपवत बसणार आहेस? थकशील."

मोहिगुल रडली, मग तोंड धुऊन आली आणि सुई-दोरा घेऊन आईसमोर बसली.

दुलई भरायला दोन माणसं लागतातच. अस्तराची पिशवी शिवून झाली होती, उन्हानं पांढरी झालेली. एका ठिकाणी फिकट सावली राहिली होती, ती अंझिरतनं तशीच राहू दिली. तिच्यावर कापसाचा पातळ थर उभा, त्यावर दुसरा आडवा, कडांना जरा जास्त, कारण कडा आधी बसतात. मग कडेनं गुंडाळत उलटवून घ्यायची, वरून अद्रस चढवायचा आणि लांब टाके घालत मधून कडेकडे जायचं. शेवटी अंझिरतनं निखाऱ्यावर इसिरिक या औषधी झुडपाच्या मूठभर सुक्या काड्या टाकल्या आणि दोघींनी दुलई चार टोकांना धरून त्या कडवट धुरावरून दोनदा फिरवली.

पूर्ण झाल्यावर मोहिगुल तिच्यावर आडवी झाली आणि बराच वेळ पडून राहिली.

"ओयी," ती म्हणाली, "रिश्तानहून नाही आलं बोलावणं, तर ही माझी. आलं, तरी माझी."

बोलावणं दहा दिवसांनी आलं. मुलगाच घेऊन आला, घाबरत घाबरत. घरी त्यानं चार दिवस जेवण सोडलं होतं की आईनं आपणहून विचार बदलला होता, ते त्यानं सांगितलं नाही आणि अंझिरतनं विचारलं नाही. निरोप असा होता: दुलया चालतील, सगळ्या, फक्त ती एक नको.

अंझिरत काही म्हणायच्या आत मोहिगुल बोलली. "आईंना सांग, ती एक सगळ्यांत वर येईल. नाहीतर मीही येत नाही."

मुलानं मान खाजवली. "तसंच सांगू?"

"तसंच सांग. गोड करून सांगू नकोस."

लग्न शरदात झालं, कापूस वेचणीच्या दिवसांत. रिश्तानला मुलीचं सामान पोहोचलं तेव्हा रीतीप्रमाणे बायकांनी दुलया एकेक करून उघडून पाहिल्या. अंझिरत तिथं नव्हती. आईनं त्या दिवशी जायचं नसतं. तिथं काय झालं ते मोहिगुलनं दोन दिवसांनी फोनवर सांगितलं. सगळ्यांत वर होजर बुवीची दुलई होती. एका म्हाताऱ्या आत्यानं ती हातावर तोलली आणि विचारलं, एवढी हलकी, कुणी भरली? आणि कापूस कुठला? तुर्सुनोय भिंतीशी उभी होती, तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मग?" अंझिरतनं विचारलं.

"मी म्हटलं, आमच्या शेजारच्या होजर बुवींची आहे. त्या गेल्या तेव्हा माझ्या आईनं त्यांना न्हाऊ घातलं, त्यांनी ही दिली. दोन बायकांनी हात झटकले. आत्यांनी नाही झटकले. त्या म्हणाल्या, ठेव वर. आणि पुढची उघडली."

"आणि तुझी सासू?"

"अजून बोलत नाही माझ्याशी नीट. पण काल ऊन चांगलं होतं, मी अंगणात दुलया टाकल्या. दुपारी मी भट्टीकडे होते, घरात फक्त त्या. परत आले तर दुलया उलटून ठेवलेल्या होत्या. सगळ्या."

अंझिरतनं फोन ठेवला. मग तिनं कोपऱ्यातली चटई उचलली. आदल्या आठवड्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाची एक बाई गेली होती. तिच्या दोन उश्या उसवून पडल्या होत्या आणि शरदातलं ऊन फार वेळ टिकत नाही. ती बाहेर आली आणि शहलोच्या फाटकासमोर, भिंतीलगत, चटई पसरू लागली.